चौदा, एकवीस, पस्तीस

नीळकंठराव खरवडकरांना एक खोड होती. भंगारात जाणारा कॉम्प्रेसरसुद्धा ते तपासल्याशिवाय जाऊ देत नसत. आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या मशीनचं काय तपासायचं? कबाडीवाला काही वाइंडिंग बघून घेत नाही, तो वजन करतो आणि हातगाडीवर टाकतो. बायको इंदुमती तर रोज कपाळाला हात लावायची. पण ऐकतील तर ते नीळकंठराव कसले! शाहपुऱ्याच्या बाजारातल्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात, कूलरच्या पंपांच्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या गर्दीत, ते स्टुलावर बसायचे, मीटर काढायचे आणि मेलेला कॉम्प्रेसर कशाने मेला ते शोधून त्याच्या काळ्या पाठीवर खडूने लिहायचे. ओपन. शॉर्ट. बॉडी. तीनच शब्द. मग कबाडीवाल्याला हाक.

"मेला म्हणून सांगितलंय ना आपण गिऱ्हाइकाला? मग कशाने मेला ते आपल्याला माहीत नको?" असं त्यांचं म्हणणं. एकेचाळीस वर्षं ह्या धंद्यात काढलेला माणूस. वडील साताऱ्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि भोपाळचेच झाले. नीळकंठराव आयटीआय करून फ्रिजच्या मागे लागले ते कायमचे. नाव कमावलं ते मात्र एकाच गोष्टीवर. नीळकंठरावांनी मीटर लावून सांगितलं की विषय संपला. दुसरा मेकॅनिक आणून खात्री करून घ्यायची कुणाला गरजच वाटत नसे.

दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले. फ्रिज पुढे ओढायचा, मागे वाकून बसायचं, हे आता होईना. म्हणून घरी जायची कामं मुलाकडे आली. शार्दूल एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत टेक्निशियन होता. कंपनीचा शर्ट, कंपनीचं अ‍ॅप, दिवसाला आठ कॉल. वडिलांची जुनी गिऱ्हाइकंही तो त्याच अ‍ॅपवर चढवून घ्यायचा. नीळकंठराव फोनवर सांगायचे, "माझा मुलगा येतोय, मीच येतोय असं समजा." हे वाक्य त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. विजया मॅडमनाही तेच सांगितलं होतं.

विजया मॅडम म्हणजे उज्जैनच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, तळ्याच्या पलीकडच्या कॉलनीत एकट्या राहणाऱ्या. शार्दूलला सहावीपासून आठवीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं. मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात त्यांचा फ्रिज बंद पडला. शार्दूल गेला, कॉम्प्रेसर जळालाय म्हणाला, दोन दिवसांत नवा बसवून दिला. जुना त्याने दुकानात आणून टेबलाखाली सरकवला.

"विजया मॅडमचा," तो हेल्मेट न काढताच म्हणाला. "वाइंडिंग ओपन. कबाडीवाला आला की देऊन टाका, बाबा."

त्या दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. नीळकंठरावांनी कॉम्प्रेसर पुढे ओढला आणि मीटर घेतला. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली. आकडा शून्याजवळ आला, म्हणजे मीटर आणि वायरी शाबूत. हे त्यांनी कधी चुकवलं नाही. तुटक्या वायरीने तपासलं तर चांगला माणूससुद्धा मेलेला निघेल, असं ते म्हणायचे.

कॉम्प्रेसरच्या अंगाला तीन पिना असतात. एक कॉमन, एक रनिंग, एक स्टार्टिंग. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, म्हणजेच वाइंडिंग, आणि कॉमन दोघांची सामाईक. नीळकंठरावांनी कॉमन आणि रनिंगवर टोकं ठेवली. चौदा ओहम. कॉमन आणि स्टार्टिंग. एकवीस. त्यांच्या भुवया वर गेल्या. आता राहिली शेवटची जोडी, रनिंग आणि स्टार्टिंग. तार कुठे तुटलेली नसेल, वेटोळी आतल्या आत एकमेकांना चिकटलेली नसतील, तर इथे पहिल्या दोघांची बेरीज आली पाहिजे.

पस्तीस.

"अरे!" ते मोठ्याने म्हणाले. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं.

तार तुटली असती, म्हणजे ओपन असती, तर मीटरने आकडाच दाखवला नसता, नुसतं ओएल, म्हणजे पुढे वाट नाही. शॉर्ट असती तर आकडा खाली घसरला असता आणि बेरीज जुळली नसती. इथे तर सगळं शाळेतल्या गणितासारखं जुळत होतं. आता राहिलं बॉडी. वाइंडिंगचा करंट लोखंडी अंगात उतरत नाही ना, हे बघायचं. त्यासाठी एक टोक पिनेला, दुसरं कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळीला. पण नळीवर काळा रंग असतो आणि रंगावर टोक ठेवलं तर मीटर खोटं बोलतो. करंट उतरत असला तरी नाही म्हणतो. म्हणून रंग खरवडून खालचं तांबं काढायचं, मगच टोक लावायचं. शार्दूल पहिल्यांदा हाताखाली आला तेव्हा नीळकंठरावांनी हे त्याला शंभरदा बजावलं होतं. "आळस केलास तर एक दिवस कुणाची तरी बायको फ्रिजला हात लावून मरेल." असल्याच भाषेत.

ब्लेड शोधायला त्यांनी हात पुढे केला आणि थांबले. नळीवर रंग आधीच खरवडलेला होता. ताजा, लखलखीत, बोटाच्या पेराएवढा. त्यांना बरं वाटलं हो, खरंच बरं वाटलं. पोरगा घाईत असतो, उलट उत्तरं देतो, पण शिकवलेलं विसरला नाही. तिन्ही पिना त्यांनी त्या चमकत्या तांब्याशी लावून पाहिल्या. तिन्हीला ओएल. इथे मात्र ओएल म्हणजे चांगलं. पिनेपिनेत ओएल आला तर मशीन मेलं, पिनेत आणि बॉडीत ओएल आला तर मशीन निरोगी.

मग त्यांनी मशीनला सुरुवातीचा धक्का देणारा आपल्याकडचा रिले लावला, वायर जोडली, प्लग घातला. कॉम्प्रेसर हलकेच थरथरला आणि घुमू लागला. बाहेर हवा टाकणाऱ्या नळीवर अंगठा दाबला तर हवा अंगठ्याला उचलून टाकत होती. धडधाकट मशीन! नीळकंठरावांनी प्लग काढला.

बापाचं मन कसं असतं बघा. पहिल्यांदा ते सुटकेची वाट शोधतं. नीळकंठरावांना ती पाच मिनिटांत सापडली. ह्या जातीच्या मशीनमध्ये ओव्हरलोडचा स्विच आतच असतो. मशीन तापलं की तो कॉमनची वाट तोडतो. तेव्हा मीटर लावला तर कॉमनकडून दोन्ही बाजूंना ओएल, वाइंडिंग तुटल्यासारखंच दिसतं. फक्त रनिंग आणि स्टार्टिंगमध्ये आकडा येतो, आणि तेवढ्यावरून जाणत्याने ओळखायचं की घाई नको, तासभर थंड होऊ दे. शार्दूलने गरम मशीनवर मीटर लावला असणार. मूर्खपणा झाला. पण मूर्खपणाच झाला, दुसरं काही नाही. नव्या टेक्निशियनांत दहातले आठ इथेच फसतात.

त्यांनी खडू घेतला आणि पाठीवर लिहिलं, "१४, २१, ३५. ठीक." मग शर्ट बदलला आणि रिक्षा करून विजया मॅडमकडे गेले. आमच्याकडून चूक झाली, असं स्पष्ट सांगायचं आणि कंपनीत तक्रार न करता आपसांत काय ते निस्तरायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

विजया मॅडमनी कैरीचं पन्हं दिलं. नवा कॉम्प्रेसर जरा जास्तच आवाज करतो, म्हणाल्या.

"मॅडम, एक विचारू? शार्दूल आला तेव्हा फ्रिज चालू होता ना? तापलेला असेल."

"छे हो! आदल्या संध्याकाळीच मी प्लग काढून ठेवला होता. दर पाच मिनिटांनी टक्कन आवाज यायचा, घूं करायचं आणि बंद. मला भीतीच वाटली. दूध, भाज्या, सगळं शेजारी नेऊन ठेवलं. शार्दूल आला दुसऱ्या दिवशी दुपारी."

नीळकंठरावांनी पेला खाली ठेवला. अठरा तास. अठरा तासांत मशीन मडक्यासारखं गार होतं. आणि टक्कन आवाज, घूं करून बंद, ह्याचा अर्थ त्यांना झोपेत विचारला असता तरी त्यांनी सांगितला असता. रिले गेला होता. मुठीत मावणारा रिले, दहा मिनिटांचं काम.

"पण त्याने मला दाखवलं हं सगळं," मॅडम म्हणाल्या. "अगदी नीट समजावून सांगितलं. फोटोसुद्धा पाठवला, थांबा." चष्मा लावून त्यांनी फोन पुढे धरला. मीटरचा फोटो होता. पडद्यावर ओएल ही दोन अक्षरं. "म्हणाला, मॅडम, हे आलं म्हणजे आतली तार तुटली."

नीळकंठरावांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. लाल टोक पिनेवर होतं. काळं टोक दुसऱ्या पिनेवर नव्हतं. ते खाली नळीवर होतं, रंग खरवडून काढलेल्या त्या लखलखीत तांब्यावर.

निरोगी मशीनचा ओएल दाखवून त्याने मशीन मेल्याचं सांगितलं होतं. आणि रंग खरवडला होता तोही बापाने शिकवलं तसा, नीट, पेराएवढा. ह्या एका गोष्टीने नीळकंठरावांच्या काळजाला जो चटका बसला ना, तो त्या खोटेपणानेसुद्धा बसला नव्हता.

"काय झालं? काही चुकलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, नाही. मशीन बघून सांगतो," असं काहीतरी पुटपुटून ते उठले. पन्हं अर्धं तसंच राहिलं.

संध्याकाळी शार्दूल दुकानात आला तेव्हा कॉम्प्रेसर टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता. पाठीवरचे आकडे वाचून त्याने हेल्मेट काढलं.

"गरम होता म्हणून चुकलो म्हणाला असतास तर मी मानायला तयार होतो," नीळकंठराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तयारच काय, मी तेच सांगायला मॅडमकडे गेलो होतो. पण फोटो बघितला मी."

शार्दूल स्टुलावर बसला. "छोडो ना, बाबा."

"कसं सोडू? गणित शिकवलं रे तिने तुला! चौदा आणि एकवीसची बेरीज तिनेच शिकवली असेल!"

"मग काय करू? रिले बदलून पाठ थोपटून घेऊ? रिले बदलला की अ‍ॅपवर शून्य येतं, माहितीये? महिन्याला इतके कॉम्प्रेसर पाहिजेत म्हणजे पाहिजेत. नाही झाले तर कॉल कमी. दोन महिने कमी पडलो तर आयडी बंद. हबीबगंजच्या ऑफिसमध्ये पन्नास पोरं लाइनीत बसलीयेत माझ्या जागेसाठी. मंडीदीपच्या कारखान्यातून काढलेले लोक आहेत, बाबा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे." तो थांबला. "आणि भाग्यश्रीला आठवा लागलाय."

"म्हणून तू..."

"तुम्ही एकेचाळीस वर्षं खरं बोललात. काय झालं? कूलरचे पंप विकताय." हे बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण त्याने नजर खाली घातली. "जा, सांगून टाका मॅडमना. फोटो त्यांच्याकडे आहेच. तुम्ही एक शब्द बोललात की कंपनी मला उद्या सकाळी काढेल. तुमच्या शब्दाला किंमत आहे, बाबा. माझ्या नाहीये. म्हणून तर तुमचं नाव सांगून जातो मी."

नीळकंठरावांना राग आला होता, भरपूर आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. पोरावर काढावा तर सुनेच्या पोटातलं बाळ आडवं येत होतं, आणि कंपनीवर काढावा तर कंपनी म्हणजे फोनमधलं एक चित्र होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. इंदुमतीने विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी विजया मॅडम स्वतःच दुकानात आल्या. डोक्यावर छत्री, हातात पिशवी. नीळकंठरावांनी लगबगीने जमिनीवर उतरवून ठेवलेला कॉम्प्रेसर पायाने टेबलाखाली ढकलला आणि वर गोणपाट ओढलं. एकेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकापासून काही लपवायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि हात किती सहज चालला!

"बसत नाही, एकच विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "आमचा चिन्मय, माझा भाचा, पुण्याला इंजिनिअर आहे ना, तो म्हणतो हे कंपनीवाले चांगली मशीनं काढून नेतात. तक्रार कर म्हणतो. फोटो पाठव म्हणतो मला. मी म्हटलं, अरे, शार्दूल माझा विद्यार्थी आहे. पण तो ऐकेना. तेव्हा मी म्हटलं, थांब, मी नीळकंठरावांना विचारते. त्यांनी मशीन बघितलं असेलच. ते बघितल्याशिवाय कबाडीला देत नाहीत, सगळ्या शाहपुऱ्याला माहीत आहे. त्यांनी सांगितलं तर विषय संपला."

त्या उभ्या राहिल्या. घाई नव्हती. उत्तराची भीतीही नव्हती. त्यांना फक्त नातेवाइकासमोर आपला विद्यार्थी खरा ठरायला हवा होता.

टेबलाखाली, वीतभर अंतरावर, त्यांच्याच अक्षरात उत्तर लिहिलेलं होतं. ते जिभेवर आलंही. मॅडम, मशीन चांगलं आहे, न्या परत, पोराने फसवलं. चार शब्दांचं काम. नीळकंठरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना भाग्यश्री आठवली, सकाळी कमरेवर हात ठेवून चहा गाळत होती ती.

"बघितलं मी," ते म्हणाले. "गेलेलाच होता. वाइंडिंग ओपन."

"बघा!" मॅडमचा चेहरा खुलला. "मी म्हटलंच होतं चिन्मयला. उगाच संशय घेतात ही मुलं." त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. "भाग्यश्रीला डिंकाचे लाडू. बाळंतपणाला लागतील. शार्दूलला सांगा, मॅडम विसरल्या नाहीत म्हणून."

छत्री उघडून त्या गेल्या. नीळकंठराव डब्याकडे बघत राहिले. मग गोणपाट बाजूला केलं, तळव्याने आकडे पुसले. चौदा गेले, एकवीस गेले, पस्तीसचा पाच काही केल्या जाईना, तेव्हा थुंकी लावून पुसला. आणि खडूने लिहिलं, ओपन.

संध्याकाळी शार्दूलने ते वाचलं. डब्यातला एक लाडू काढला, हातात धरून बसला, आणि परत ठेवून दिला.

आठवड्याने तो स्कूटरवर आणखी दोन कॉम्प्रेसर घेऊन आला. एक नेहरूनगरचा, एक कोलारचा. दोघांच्याही नळ्यांवर रंग खरवडलेला होता, ताजा. नीळकंठरावांनी ते पाहिलं. मीटर खुंटीला टांगलेला होता, हात लांब केला असता तर आला असता. त्यांनी तो घेतला नाही. खिशातला खडू काढला, गुडघा धरून कसेबसे खाली वाकले आणि मुलाकडे न बघताच विचारलं, "काय लिहू?"